पन्नास ग्रॅम गॅस

जेकब पर्किन्स या अमेरिकी यंत्रकाराने १८३४ साली लंडनमध्ये ६६६२ क्रमांकाचं एक पेटंट घेतलं. तेव्हा त्याने साठी ओलांडली होती आणि त्याचा लौकिक होता तो नोटांच्या छपाईमुळे. जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट, ‘पेनी ब्लॅक’, पुढे १८४० मध्ये त्याच्याच कंपनीने छापलं. पेटंटमध्ये मात्र बर्फ तयार करण्याचं यंत्र आहे. एका भांड्यात ईथर उकळतं आणि भोवतालच्या पाण्यातली उष्णता घेतं. पंप ती वाफ ओढून दाबतो. थंड पाण्यात बुडवलेल्या नागमोडी नळीत वाफेचं पुन्हा द्रव होतं. आणि एका वजनदार झडपेतून तो द्रव पहिल्या भांड्यात परततो. आपल्या घरातल्या फ्रिजचे इव्हॅपोरेटर, कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि कॅपिलरी हे चारही भाग या आराखड्यात आपापल्या जागी आहेत. तरीही घरोघरी फ्रिज यायला आणखी जवळजवळ शंभर वर्षं लागली. मधल्या काळात विजेची मोटर आली, कारखाने वाढले, हे खरं. पण माझ्या मते खरा अडसर वेगळा होता. थंड कसं करायचं हे पर्किन्सने सोडवलं होतं. द्रव न गळता वर्षानुवर्षं फिरता कसा ठेवायचा, हे सुटलं नव्हतं. घरगुती फ्रिजचा प्रत्येक भाग आज जसा आहे तसा का आहे, याचं उत्तर या गळतीच्या प्रश्नात सापडतं.

आधी चक्र नीट समजून घेऊ. आजच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन हा वायू असतो. मागच्या पट्टीवर तो आर-६००ए या नावाने लिहिलेला असतो. हवेच्या नेहमीच्या दाबाला तो उणे १२ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो. दाब कमी केला की याहून कमी तापमानाला उकळतो आणि दाब वाढवला की जास्त तापमानालाही द्रव राहतो. सगळा फ्रिज या एका गुणावर चालतो. फ्रीझरमागच्या कॉईलमध्ये, म्हणजे इव्हॅपोरेटरमध्ये, दाब हवेच्या दाबाच्या साधारण सहा दशांश ठेवलेला असतो, त्यामुळे तिथे तो उणे २५ अंशांच्या आसपास उकळतो. उकळायला लागणारी उष्णता तो फ्रीझरमधून घेतो. कॉम्प्रेसर ही वाफ ओढतो आणि दाबून हवेच्या सुमारे सहापट दाबावर नेतो. त्या दाबाला आयसोब्युटेन ४५ अंशांनाच द्रव होतं, आणि आपलं स्वयंपाकघर मेमध्येही त्याहून थंड असतं. म्हणून मागच्या काळ्या जाळीतून, किंवा नव्या फ्रिजच्या बाजूच्या पत्र्यांतून, वाफ आपली उष्णता खोलीला देऊन टाकते आणि द्रव होते. फ्रिजच्या बाजू तापलेल्या लागतात त्या यामुळे. तो बिघाड नव्हे.

एका लिटर दुधाचा हिशेब केला तर हे आणखी स्पष्ट होतं. तीस अंशांचं दूध पाच अंशांवर आणायला त्यातून सुमारे १०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक ग्रॅम आयसोब्युटेन उकळताना साडेतीनशेच्या वर ज्यूल घेतं. त्यातला काही भाग आत येणारा गरम द्रव स्वतः थंड होण्यात खर्च होतो, तेव्हा उपयोगी अडीचशे धरू. म्हणजे दुधासाठी ४०० ग्रॅम आयसोब्युटेन उकळायला हवं. फ्रिजमध्ये असतं साधारण पन्नास ग्रॅम. तेवढाच गॅस आठ फेऱ्या मारतो आणि काम होतं. बाहेर जाळीला मात्र दुधातली १०० किलोज्यूल आणि त्यावर कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज, असं दोन्ही टाकून द्यावं लागतं. फ्रिजचं दार उघडं ठेवून खोली गार का होत नाही, उलट थोडी तापते का, हे या बेरजेतच आहे. आणि ‘गॅस वापरून संपतो’ हा समजही इथेच खोटा ठरतो. तो जळत नाही, झिजत नाही, फक्त फिरतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी निसटलेला असतो.

निसटण्याची पहिली जागा कॉम्प्रेसरची होती. सुरुवातीच्या यंत्रांत मोटर बाहेर आणि पंप आत असायचा. दोघांना जोडणारा दांडा कुठूनतरी आत शिरायलाच हवा. फिरत्या दांड्याभोवतीची सील काही काळाने झिजते. त्या काळात सल्फर डायऑक्साइड, अमोनिया, मिथिल क्लोराइड असे विषारी वायू वापरात होते, त्यामुळे झिजलेली सील म्हणजे घरात विष. बर्लिनमधलं एक कुटुंब अशा गळतीने झोपेत मेल्याची बातमी वाचून आल्बर्ट आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड हे दोन भौतिकशास्त्रज्ञ १९२०च्या दशकात फ्रिजच्या कामाला लागले. त्यांचं निदान नेमकं होतं: धोका वायूत आहे त्याहून जास्त हलत्या सांध्यांत आहे. म्हणून त्यांनी हलते भागच नसलेले फ्रिज आखले. त्यांतल्या एकाचं अमेरिकी पेटंट नोव्हेंबर १९३० मध्ये मंजूर झालं. दुसऱ्या आराखड्यात पिस्टनऐवजी द्रवरूप धातू विद्युतचुंबकीय बलाने ढकलला जात होता. हा पंप जर्मनीच्या एईजी कंपनीने बनवूनही पाहिला, पण तो फार आवाज करायचा. बाजारात यातलं काहीच आलं नाही.

त्यांचं निदान बरोबर होतं, उपाय मात्र साधाच ठरला. दांडा बाहेर येऊ द्यायचा नसेल तर मोटरच आत घ्यायची. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकने १९२७ मध्ये बाजारात आणलेल्या ‘मॉनिटर टॉप’ फ्रिजमध्ये मोटर आणि पंप दोन्ही एकाच बंद पोलादी डब्यात होते. बाहेर आल्या फक्त विजेच्या तारा, आणि तारा फिरत नाहीत. या फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइडच होता, तरी तो दहा लाखांवर विकला गेला. आपल्या फ्रिजखालचा काळा, वेल्डिंगने बंद केलेला कॉम्प्रेसर याच कल्पनेचा वारस आहे. तो उघडून दुरुस्त करता येत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पण उघडता येईल असा सांधा ठेवला की गळायला जागा ठेवली, म्हणून ही किंमत मला योग्य वाटते.

कॉम्प्रेसरला सगळे ओळखतात. कॅपिलरीकडे कुणाचं लक्ष जात नाही. ही तांब्याची नळी काही मीटर लांब असते आणि तिचं आतलं भोक एक मिलिमीटरहूनही कमी असतं. पर्किन्सची झडप जिथे होती तिथे ती बसते. इतक्या अरुंद आणि लांब वाटेत द्रवाचा दाब उतरत जातो आणि शेवटी तो इव्हॅपोरेटरच्या कमी दाबात पोचतो. तिथे थोडा द्रव लगेच उकळतो, उकळायला लागणारी उष्णता उरलेल्या द्रवातूनच घेतो, आणि ४५ अंशांचा द्रव क्षणात उणे २५वर येतो. दाबाखालचा गॅस नळीतून बाहेर पडून ‘फुटतो’ म्हणून गार होतो, असं सांगितलं जातं ते अपुरं आहे. गारवा उकळण्यातून येतो.

कॅपिलरीवर एक आक्षेप रास्त आहे. झडप गरजेप्रमाणे कमी-जास्त उघडते, नळीचं भोक मात्र कायम तेवढंच. जानेवारीतला नाशिक आणि मेमधला नागपूर यांना एकच भोक कसं पुरेल? पूर्ण पुरत नाही, आणि मोठ्या शीतगृहांत म्हणूनच झडपाच असतात. पण नळीला स्वतःची थोडी समज आहे. द्रव तिच्यातून सहज जातो, वाफ फार कष्टाने. कंडेन्सरमधला द्रव संपून वाफ नळीच्या तोंडाशी आली की वजनाने जाणारा प्रवाह आपोआप मंदावतो आणि मागे पुन्हा द्रव साठू लागतो. शिवाय कॉम्प्रेसर थांबल्यावर नळी उघडीच असते, त्यामुळे काही मिनिटांत दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि लहानशी मोटर हलक्या भाराने पुन्हा सुरू होते. फ्रिज बंद झाल्यावर येणारी सूं-सूं ही त्या उतरणाऱ्या दाबाची. वीज जाऊन लगेच आली तर कॉम्प्रेसरला चार-पाच मिनिटं द्यावीत, ती यासाठी. आणि या नळीत झिजायला सुई नाही, गळायला सांधा नाही. कमी भार, ठरलेलं काम आणि वर्षानुवर्षं न उघडणारी यंत्रणा असेल तिथे हा सौदा फायद्याचा आहे. बदल्यात ती गॅसचं माप काटेकोर मागते. थोडा कमी पडला तर इव्हॅपोरेटरच्या सुरुवातीलाच बर्फ धरतं आणि पुढची कॉईल कोरडी राहते. जास्त झाला तर न उकळलेला द्रव परतीच्या नळीत येऊन तिच्यावर बाहेरून बर्फ चढतं.

विषारी वायूंवर उपाय म्हणून थॉमस मिजली आणि सहकाऱ्यांनी आर-१२ शोधला. तो विषारी नव्हता, पेटत नव्हता, आणि म्हणूनच गळतीची भीती गेली. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिलं की असे निसटलेले वायू ओझोनच्या थराला मारक आहेत. १९८७ मध्ये या वायूंना आळा घालणारा माँट्रियल करार झाला. पर्यायावरून वाद पेटला तो जर्मनीत. डॉर्टमुंडच्या आरोग्यसंस्थेतल्या दोन शास्त्रज्ञांचं प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण, पूर्वाश्रमीच्या पूर्व जर्मनीतला बंद पडण्याच्या बेतात असलेला शार्फेनश्टाइनचा कारखाना आणि ग्रीनपीस यांनी मिळून १९९२-९३ मध्ये ‘ग्रीनफ्रीझ’ आणला. बड्या कंपन्यांनी स्फोटाची भीती घातली आणि थोड्याच काळात स्वतःही याच जातीचा आयसोब्युटेन वापरू लागल्या. भीती पूर्ण निराधार नव्हती, पण आकडे पाहावेत. ज्या स्वयंपाकघरात १४.२ किलोचं गॅस सिलिंडर आहे, तिथे फ्रिजमध्ये पन्नास ग्रॅम आहे. तेवढा गॅस पंचवीस घनमीटरच्या खोलीत पसरला तर पेट घेण्याच्या किमान प्रमाणाच्या विसावा हिस्साही होत नाही. खरा धोका दोन ठिकाणी आहे: गळलेला गॅस बंद फ्रिजच्या आत साठणं, म्हणून आतले स्विच ठिणगी बाहेर न पडणारे हवेत, आणि दुरुस्तीच्या वेळी भरलेल्या नळीजवळ ज्योत नेणं.

आयसोब्युटेनमुळे गळतीची दिशाही बदलली. इव्हॅपोरेटरमधला दाब आता बाहेरच्या हवेहून कमी आहे. त्यामुळे तिथे बारीक भोक पडलं तर फ्रिज चालू असताना गॅस बाहेर येण्याऐवजी बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. कॅपिलरीच्या आधी बसवलेला फिल्टर-ड्रायर काही ओलावा शोषतो. उरलेला नळीच्या थंड टोकाशी गोठतो आणि कॅपिलरी चोक होते. फ्रिज काही तास छान चालतो, मग गारवा जातो, बंद ठेवला की बर्फ वितळून पुन्हा चालतो. कॉम्प्रेसर सतत चालू, जाळी थंड आणि बंद केल्यावर सूं-सूं नाही, अशी लक्षणं एकत्र दिसली तर चोकचा संशय घ्यावा. सूं-सूं येते पण जाळी कोमट आणि बर्फ फक्त कॉईलच्या सुरुवातीला, तर गॅस कमी आहे.

दोन्ही प्रसंगी ‘गॅस भरून देतो’ हे उत्तर अपुरं आहे. भोक तसंच राहिलं तर नवा गॅसही जाईल. हवा आणि ओलावा आत असेल तर नवा गॅस भरूनही चोक होईल. दुरुस्ती म्हणजे भोक शोधून बुजवणं, फिल्टर बदलणं, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढणं, आणि पट्टीवर लिहिलेला तोच वायू तितकेच ग्रॅम काट्यावर मोजून भरणं. यातली एकही पायरी गाळून स्वस्तात होत असेल, तर ती दुरुस्ती पुढच्या गळतीची सुरुवात आहे. मेकॅनिकला विचारायचा पहिला प्रश्न म्हणून ‘किती पैसे’ हा नसावा. ‘गळती कुठे सापडली’ हा असावा.