दोन आणि तीन: कधी सहा, कधी अनंत

राजाराम कॉलेजच्या एका विद्यार्थिनीने मागचा लेख वाचून शंका विचारली आहे. आबेलियन गटांमध्ये दोन गटांचं प्रॉडक्ट आणि कोप्रॉडक्ट एकच निघतं, मग दोन वेगळ्या व्याख्या कशाला? शंका अगदी रास्त आहे. तिचं उत्तर Z₂ आणि Z₃ या दोन चिमुकल्या गटांतच सापडतं.

आधी व्याख्या ताज्या करू. A आणि B यांचं प्रॉडक्ट म्हणजे असा गट P, ज्यातून A कडे आणि B कडे एकेक बाण जातो. अट अशी, की कोणत्याही गट T मधून A आणि B कडे बाण दिले, तर ते दोन्ही P मार्गे नेणारा T → P हा बाण असलाच पाहिजे आणि एकच असला पाहिजे. (बाण म्हणजे गटाची क्रिया सांभाळणारं फलन.) कोप्रॉडक्टमध्ये सगळे बाण उलटे फिरतात: A आणि B मधून T कडे f आणि g हे बाण दिले, की कोप्रॉडक्टमधून T कडे नेमका एकच बाण मिळायला हवा.

प्रॉडक्टची कुठेच अडचण नाही. जोड्यांचा गट A × B घ्यायचा आणि T मधला प्रत्येक घटक त्याच्या दोन प्रतिमांच्या जोडीकडे पाठवायचा. आबेलियन असो वा नसो, हे चालतंच.

उलट्या बाजूला मात्र (x, y) ही जोडी f(x)g(y) कडे पाठवण्यावाचून दुसरा मार्ग नाही. हे फलन क्रिया सांभाळतं का, हे ताडून पाहताना f(x₁)f(x₂)g(y₁)g(y₂) आणि f(x₁)g(y₁)f(x₂)g(y₂) समान असावे लागतात. म्हणजे f(x₂) आणि g(y₁) यांची अदलाबदल चालली पाहिजे. T आबेलियन असेल तर ती फुकट मिळते, म्हणून तिथे Z₂ आणि Z₃ यांचं कोप्रॉडक्टही Z₂ × Z₃ म्हणजे Z₆ हेच.

आता T म्हणून S₃ घ्या, तीन वस्तूंच्या अदलाबदलींचा गट. Z₂ चा जनक (1 2) कडे आणि Z₃ चा जनक (1 2 3) कडे पाठवा. Z₆ मधून या दोघांना गाठणारा बाण असता, तर त्याची प्रतिमा आबेलियन असती. पण (1 2) आणि (1 2 3) यांचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. म्हणजे सर्व गटांच्या जगात Z₆ हे प्रॉडक्ट आहे, कोप्रॉडक्ट नाही.

मग कोप्रॉडक्ट कोणतं? a² = 1 आणि b³ = 1 एवढंच मानायचं, बाकी कोणतंही नातं लादायचं नाही. घटक म्हणजे a आणि b किंवा b² आलटून पालटून लिहिलेले शब्द: ab, ab²a, babab². याला मुक्त गुणाकार म्हणतात, आणि तो अनंत आहे.

हा गट कागदावरच राहत नाही. a(z) = −1/z आणि b(z) = 1 − 1/z घ्या. a दोनदा आणि b तीनदा लावलं की z परत येतो. आधी a, मग b लावलं तर मिळतं z + 1, आणि हे कितीही वेळा केलं तरी मूळ जागी येत नाही. लपलेलं एखादं नातं तर नाही ना? अपरिमेय संख्यांवर पाहा: a धन संख्येला ऋण करतो, b ऋण संख्येला 1 च्या पुढे आणि b² तिला 0 ते 1 च्या मध्ये नेतो. म्हणून a ने सुरू होऊन b किंवा b² ने संपणारी कृती सगळ्या धन संख्या एकाच पट्ट्यात कोंबते. ती ‘काहीच न करणं’ असूच शकत नाही. उरलेले शब्द एकतर चिन्ह बदलतात किंवा दोन्हीकडून a लावल्यावर याच रूपात येतात. तेव्हा लपलेलं नातं नाही. हाच तो प्रसिद्ध मॉड्युलर गट.

याच्या उपगटांवर मराठी गणिती रवींद्र श्रीपाद कुलकर्णी यांनी फार सुंदर काम केलं आहे. कुरोशच्या प्रमेयानुसार इथला प्रत्येक उपगट Z₂, Z₃ आणि Z या तुकड्यांचा मुक्त गुणाकार असतो; पण तुकडे प्रत्यक्ष हाती कसे लागणार? कुलकर्णींनी 1991 साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये सांत निर्देशांकाच्या उपगटांसाठी रीत दिली. फॅरी अपूर्णांकांची एक माळ आणि तिच्या कडा कशा जुळवायच्या याच्या खुणा, एवढ्यावरून स्वतंत्र जनक वाचता येतात.

आपल्या S₃ कडे जाणाऱ्या बाणाचंच पाहा. त्यात जे घटक 1 वर जातात, त्यांचा उपगट निर्देशांक 6 चा आहे. a आणि b यांची आवर्तनं S₃ मध्येही 2 आणि 3 च राहतात, त्यामुळे या उपगटात Z₂ किंवा Z₃ चा तुकडा येत नाही. उरतात Z चे दोन तुकडे, आणि त्यांचे जनक z + 2 आणि z/(2z + 1).