एकवीस नंबरचा दात नेमका कोणता?

बंगळूरच्या जयनगरमधली ही गोष्ट. आमच्या परिचयाचे एक मराठी कुटुंब बरीच वर्षे अमेरिकेत राहून परत आले. धाकटी मुलगी बारा वर्षांची. तिचे दात दाटीवाटीने आलेले, म्हणून तिकडच्या तज्ज्ञांनी तारा लावायचे ठरवले होते. त्यासाठी आधी जागा करायला हवी, तेव्हा चार दात काढावे लागणार होते. पण तेवढ्यात परतीची तिकिटे आली. निघताना त्यांनी एक चिठ्ठी दिली आणि म्हणाले, ‘‘तिकडच्या दंतवैद्यांना दाखवा, ते दात काढतील.’’ चिठ्ठीत एकच ओळ होती : ५, १२, २१ आणि २८ नंबरचे दात काढावेत.

जयनगरमधले दंतवैद्य मूळचे बेळगावचे. त्यांनी चिठ्ठी वाचली, मुलीला आ करायला सांगितले, पुन्हा चिठ्ठी वाचली. मग मुलीच्या आईला म्हणाले, ‘‘वहिनी, आमच्या हिशेबाने २१ म्हणजे हिचा समोरचा, डाव्या बाजूचा वरचा दात. हसताना पहिल्यांदा दिसतो तो! आणि १२ म्हणजे समोरचाच, उजव्या बाजूचा दुसरा. हे दात कोण काढायला सांगेल?’’

आईच्या पोटात गोळा आला. चूक मात्र कोणाचीच नव्हती. चिठ्ठी बरोबर होती आणि डॉक्टरांचे वाचनही बरोबर होते. दोघांची दात मोजण्याची रीत तेवढी वेगळी होती.

तीन रिती

दातांना नंबर देण्याच्या तीन रिती आज जगात मुख्यतः चालतात. सर्वांत जुनी व्हिएन्नाच्या झिगमोंडी यांची, १८६१ सालची. पुढे अमेरिकेतल्या ओहायोच्या पामर यांनीही तशीच रीत मांडली आणि पामर हेच नाव रूढ झाले. यात कागदावर एक मोठे अधिक चिन्ह काढतात. त्यामुळे तोंडाचे चार भाग पडतात. प्रत्येक भागात मधल्या रेषेपासून मागे १ ते ८ असे दात मोजायचे. समोरचा १, सुळा ३, अक्कलदाढ ८. दात कोणत्या भागातला, हे आकड्याभोवती काढलेल्या कोपऱ्यावरून कळते. हाताने लिहिताना ही रीत सोयीची. पण तो कोपरा टंकलेखन यंत्रावर उमटत नाही, टेलिफोनवर सांगता येत नाही. कोपरा गळला की उरतो नुसता ‘६’, आणि तोंडात ६ नंबरच्या दाढा चार असतात!

दुसरी रीत अमेरिकेतली. मुळात ती पारेट नावाच्या जर्मन दंतवैद्याने १८८२ मध्ये सुचवली आणि १९६८ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने स्वीकारली. यात भागबिग काही नाही, सरळ १ ते ३२. वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून सुरुवात करायची आणि वरच्या ओळीने डावीकडे जायचे. डावी अक्कलदाढ आली १६. तिथून खाली उतरायचे, खालची डावी अक्कलदाढ १७, आणि खालच्या ओळीने परत उजवीकडे येत ३२ वर थांबायचे.

तिसरी रीत एफडीआय या जागतिक दंतवैद्यक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारलेली. आज भारतासह बहुतेक देशांत तीच चालते. यात दोन आकडे असतात. पहिला आकडा भागाचा : वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून दाताचा, पामरसारखाच १ ते ८. म्हणून २१ म्हणजे ‘दुसऱ्या भागातला पहिला’. तो ‘एकवीस’ असा वाचायचा नसतो, ‘दोन-एक’ असा वाचायचा असतो.

ही वाचनाची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण बंगळूरसारख्या शहरात ती महत्त्वाची आहे. मराठीत आपण ‘एकवीस’ म्हणताना एक आधी उच्चारतो आणि वीस नंतर. कन्नडमध्ये वीस आधी आणि एक नंतर येतो. एकाने सांगितलेले दुसऱ्याने टिपून घेताना २१ चे १२ व्हायला वेळ लागत नाही. आकडे सुटे सुटे उच्चारले की हा घोळ टळतो.

उजवे-डावे नेहमी रुग्णाचे, पाहणाऱ्याचे नव्हे, हेही ध्यानात ठेवायला हवे. डॉक्टर समोर उभे असतात, त्यामुळे तक्त्यावर आणि एक्स-रेवर रुग्णाची उजवी बाजू कागदाच्या डाव्या हाताला येते.

एकही आकडा जुळत नाही

आता घोळ कुठे होतो ते पाहू. ११ ते १८, २१ ते २८, ३१ आणि ३२ असे अठरा आकडे अमेरिकन आणि एफडीआय या दोन्ही रितींत आहेत. गंमत अशी, की या अठरांपैकी एकही आकडा दोन्हीकडे एकाच दाताचा नाही. म्हणजे रीत चुकली की दात चुकलाच.

आमच्या मुलीच्या चिठ्ठीत ‘५’ होता म्हणून बरे. एफडीआयमध्ये सगळे दात दोन आकडी, नुसता ५ नाहीच. डॉक्टरांना तिथेच शंका आली. शिवाय तारा लावण्यासाठी समोरचे निरोगी दात काढत नाहीत, हेही उघड होते. पण चिठ्ठीत एकटा ‘१८’ असता तर? अमेरिकेत १८ म्हणजे खालची डावीकडची, अक्कलदाढेच्या अलीकडची दाढ. आपल्याकडे एक-आठ म्हणजे वरची उजवी अक्कलदाढ. अक्कलदाढ काढायला सांगितली तर कोणाला नवल वाटणार? दात काढून झाल्यावरही खाली डावीकडचा ठणका तसाच राहिला, की मगच चूक कळायची. जो आकडा दोन्ही रितींत पटण्याजोगा असतो, तो सर्वांत धोक्याचा.

बदल कसा करायचा?

डॉक्टरांनी कागद घेतला आणि आईसमोरच हिशेब मांडला. आधी अमेरिकन आकडा कोणत्या भागात पडतो ते पाहायचे, मग मधल्या रेषेपासून तो कितवा ते काढायचे.

१ ते ८ : वरचा उजवा भाग. ९ मधून तो आकडा वजा करा.
९ ते १६ : वरचा डावा भाग. आकड्यातून ८ वजा करा.
१७ ते २४ : खालचा डावा भाग. २५ मधून तो आकडा वजा करा.
२५ ते ३२ : खालचा उजवा भाग. आकड्यातून २४ वजा करा.

आता मुलीची चिठ्ठी. ५ हा वरच्या उजव्या भागातला, ९ वजा ५ म्हणजे ४, म्हणून एक-चार. १२ वरच्या डाव्या भागातला, १२ वजा ८ म्हणजे ४, म्हणून दोन-चार. २१ खालच्या डाव्या भागातला, २५ वजा २१ म्हणजे ४, तीन-चार. २८ खालच्या उजव्या भागातला, २८ वजा २४ म्हणजे ४, चार-चार. चारही भागांत उत्तर ४ आले. म्हणजे सुळ्याच्या लगेच मागची पहिली उपदाढ, प्रत्येक भागातून एक. तारा लावण्यापूर्वी जागा करण्यासाठी बहुधा हेच दात काढतात. आकड्यांना अर्थ लागला.

अमेरिकन आकड्यांची आणखी एक पडताळणी आहे. वरचा दात आणि त्याच बाजूचा, त्याच जातीचा खालचा दात यांची बेरीज नेहमी ३३ येते. ५ आणि २८ मिळून ३३, १२ आणि २१ मिळून ३३. अर्थात वरखाली जोडीचे दात काढायचे असतील तरच ही पडताळणी उपयोगी. एकट्या दाताला ती लागू नाही.

हिशेब बरोबर, तरी चूक

आई सुटकेचा नि:श्वास टाकणार, तोच डॉक्टर म्हणाले, ‘‘थांबा वहिनी, अजून संपले नाही.’’ मुलीचा वरचा उजवा सुळा अजून हिरडीबाहेर आलाच नव्हता. अकरा-बाराव्या वर्षी हे काही वावगे नाही. पण डोळ्यांनी दिसणारे दात मधल्या रेषेपासून मोजले, तर पहिला, दुसरा आणि तिसऱ्याच जागी उपदाढ! चौथ्या जागी होती मागची, अजून न पडलेली दुधाची दाढ. नुसती मोजदाद करून ‘चौथा’ काढला असता तर भलताच दात गेला असता.

म्हणूनच नंबर जागेचा नसतो, दाताचा असतो. सुळा बाहेर आला नाही किंवा एखादा दात पूर्वीच काढला, तरी बाकीच्यांचे नंबर सरकत नाहीत. दात त्याच्या आकारावरून ओळखायचा आणि संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर ताडून पाहायचा. मुलीच्या एक्स-रेमध्ये सुळा हाडात, उपदाढेच्या मुळाशी टेकलेला स्पष्ट दिसला.

दुधाच्या दातांचे नंबरही निराळे. एफडीआयमध्ये त्यांचे भाग ५, ६, ७, ८ आणि दात १ ते ५. म्हणून मुलीची ती उरलेली दाढ होती पाच-पाच. अमेरिकेत दुधाच्या वीस दातांना ‘ए’ पासून ‘टी’ पर्यंत अक्षरे आहेत आणि तीच दाढ तिथे ‘ए’. आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या तोंडात दोन्ही प्रकारचे दात एकत्र नांदतात. तेव्हा दुधाचा की कायमचा, हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.

आपण काय करायचे?

डॉक्टरांनी आपला हिशेब अमेरिकेला कळवला आणि ‘चारही पहिल्या उपदाढा’ असा शब्दांत होकार आल्यावरच हत्यार हाती घेतले. दात काढण्यापूर्वी मुलीच्या हाती आरसा दिला आणि प्रत्येक दातावर बोट ठेवून आईला दाखवले.

दाताची चिठ्ठी घेऊन गाव किंवा देश बदलणाऱ्यांनी एवढेच करावे. नंबराशेजारी दाताचे नाव शब्दांत लिहून मागावे : ‘वरची उजवी पहिली उपदाढ’. कोणत्या रितीचा नंबर आहे तेही लिहून घ्यावे. एक्स-रे सोबत ठेवावा. आणि नंबर आपण घरी बदलून आणला असेल, तर मूळ चिठ्ठीही डॉक्टरांपुढे ठेवावी, नुसता बदललेला आकडा सांगू नये. बंगळूरहून अमेरिकेला शिकायला जाणाऱ्या मुलांनाही हे लागू आहे. इथे एक-सहा लिहून दिलेली दाढ तिथे ३ नंबरची असते, आणि त्यांची १६ म्हणजे डावी अक्कलदाढ.

त्या मुलीचा सुळा पुढे मोकळ्या झालेल्या जागेत उतरला. समोरचा दोन-एक अर्थातच जागच्या जागी आहे. ती हसली की आई मात्र अजूनही आधी त्याच दाताकडे पाहते.