कन्सोल दोघांचा, गेम कुणाचा?

घरात प्लेस्टेशन ५ आला की भावंडांचा पहिला हिशेब ठरलेला असतो: निम्मे तू, निम्मे मी. पण डिजिटल गेम एकाच खात्यावर जमा होतो, आणि निम्म्या-निम्म्याचा हिशेब तिथेच फिसकटतो.

समजा, ताई नोकरी करते आणि धाकटा भाऊ कॉलेजात आहे. कन्सोल ५४ हजारांचा, पाच वर्षं चालेल असा धरला तर महिन्याला ९०० रुपये पडतात. त्यात ताईचे ६००, भावाचे ३००. पैसे ज्या प्रमाणात, मालकीही त्याच प्रमाणात, हे आधीच ठरवून घ्यावं. तीन वर्षांनी ताई बंगळूरला निघाली आणि कन्सोलला जुन्या बाजारात १८ हजार येत असतील, तर भावाने तिला १२ हजार द्यावेत, हवं तर हप्त्यांनी.

गेमसाठी दोघांनी मिळून महिन्याला ७५० बाजूला टाकले, तर सहा महिन्यांत ४,५०० रुपयांची एक डिस्क येते. खेळून झाल्यावर ती २,७०० ला विकली आणि ते पैसे याच गल्ल्यात परत टाकले, तर पुढची डिस्क अडीच महिन्यांतच घेता येते. डिजिटल गेम मात्र विकता येत नाही. म्हणून माझ्या मते सामायिक पैशांतून फक्त डिस्क घ्यावी; डिजिटल गेम ज्याला हवा त्याने स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या खात्यावर घ्यावा. डिस्क ड्राइव्ह नसलेला कन्सोल असेल तर सामायिक पैशांतला एक गेम ताईच्या खात्यावर, पुढचा भावाच्या, अशी पाळी लावावी.

ऑनलाइन खेळायला लागणारं प्लेस्टेशन प्लस दोघांनी वेगवेगळं घ्यायची गरज नाही. ताईने आपल्या खात्यावर घेतलं आणि सेटिंगमध्ये ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ चालू ठेवलं की त्या कन्सोलवर भावालाही ऑनलाइन खेळता येतं, तिचे डिजिटल गेमही उघडतात. वर्षाला ४,२०० धरले तर महिन्याला प्रत्येकी १७५. परीक्षेमुळे भाऊ दोन महिने खेळला नाही तरी त्याचा वाटा कमी होत नाही, कारण वर्षाचे पैसे आधीच गेलेले असतात. सदस्यत्व घेतलं की आपोआप होणारं नूतनीकरण लगेच बंद करावं, म्हणजे पुढच्या वर्षी दोघांना विचारूनच पैसे कापले जातील.

हे शेअरिंग एका खात्याला एका वेळी एकाच पीएस ५ वर ठेवता येतं. ताईने बंगळुरात नवा कन्सोल घेऊन तिथे ते चालू केलं, की इकडे भावाच्या पडद्यावर तिच्या गेमवर कुलूप दिसू लागतं आणि ऑनलाइन खेळही थांबतो. कन्सोल बिघडलेला नसतो. तिच्या खात्याचा हक्क तिच्याबरोबर गेलेला असतो. म्हणून जाण्याची तारीख कळली की पुढचं सदस्यत्व भावाच्या खात्यावर घ्यावं, आणि त्या दिवसापासून त्याचे पूर्ण ३५० रुपये त्याने भरावेत.