बरणी फिरवून वाचा : पीनट बटर, जॅम आणि केचप

पीनट बटरच्या बरणीवर 'नो प्रिझर्व्हेटिव्हज' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असेल, तर त्यासाठी एक सेंटही जास्त मोजायचं कारण नाही. अमेरिकेत 'पीनट बटर' या नावाने विकायच्या पदार्थात रासायनिक प्रिझर्व्हेटिव्ह, कृत्रिम रंग किंवा कृत्रिम स्वीटनर चालतच नाही. या पदार्थाची व्याख्या एफडीएच्या नियमांत दिलेली आहे. जॅम आणि केचपच्याही अशा व्याख्या आहेत. त्या थोड्या माहीत असल्या, की लेबलवरची कुठली ओळ वाचायची आणि कुठली सोडून द्यायची हे कळतं.

आधी एक साधा प्रश्न. हे तीन पदार्थ महिनोन् महिने टिकतात कसे? बुरशीला आणि जिवाणूंना वाढायला पाणी लागतं. पीनट बटरमध्ये पाणी जवळजवळ नसतंच. जॅममध्ये पाणी असतं, पण साखरेने ते बांधून ठेवलेलं असतं. आपला मोरांबा वर्षभर टिकतो तो याच कारणाने. केचपमध्ये पाणी भरपूर असतं, म्हणून तिथे व्हिनेगरचा आंबटपणा, साखर आणि मीठ मिळून राखण करतात. थोडक्यात, जॅम आणि केचपमध्ये साखर फक्त चवीसाठी नसते, ती स्वतःच प्रिझर्व्हेटिव्हचं काम करते.

आता पीनट बटर. नियमानुसार त्यात वजनाने किमान ९० टक्के शेंगदाणे हवेत. हा आकडा सहज ठरला नाही. १९५९ मध्ये सुरू झालेला वाद सुनावण्या आणि कोर्ट ओलांडून १९७० पर्यंत चालला. उत्पादकांना ८७ टक्के हवे होते. या तीन टक्क्यांचा फायदा आजही आपल्याला होतो. लेबलवरचं सर्व्हिंग ३२ ग्रॅमचं, म्हणजे दोन टेबलस्पून असतं. त्यातले किमान २८.८ ग्रॅम शेंगदाणे धरले, तर साखर, मीठ आणि स्टॅबिलायझर या सगळ्यांना मिळून जेमतेम ३.२ ग्रॅम जागा उरते. त्यामुळे नेहमीच्या गोड पीनट बटरमध्येही ॲडेड शुगर साधारण २ ग्रॅमच्या आसपासच सापडते.

तेलाचं काय? शेंगदाण्यात निम्मं तेलच असतं. नुसते शेंगदाणे आणि मीठ वाटलं, की ते तेल वर तरंगतं. ते वर येऊ नये म्हणून एक-दोन टक्के 'फुली हायड्रोजनेटेड' तेल घालतात. ते घट्ट असतं आणि त्याच्या बारीक स्फटिकांची जाळी शेंगदाण्याचं तेल धरून ठेवते. घातक ट्रान्स फॅट असायचं ते 'पार्शली हायड्रोजनेटेड' तेलात. ते वापरण्यावर २०१५ च्या निर्णयाने बंदी आली आणि २०१८ पासून ती लागू झाली. 'फुली' तेलात ट्रान्स फॅट नगण्य असतं, पण सॅच्युरेटेड फॅट थोडं वाढतं.

इथे एक गंमत आहे. नियमानुसार स्टॅबिलायझर म्हणून घातलेलं तेल हायड्रोजनेटेडच हवं. 'नॅचरल' म्हणवणाऱ्या काही बरण्यांत त्याऐवजी पाम तेल असतं. म्हणून शेंगदाणे ९० टक्के असूनही त्यांच्यावर बारीक अक्षरांत 'पीनट बटर स्प्रेड' लिहावं लागतं. पाम तेलही सॅच्युरेटेडच, तेव्हा 'नॅचरल' शब्दाने तिथे फारसं काही बदलत नाही. दुसऱ्या जातीचा स्प्रेड म्हणजे 'रिड्यूस्ड फॅट'. त्यात शेंगदाणे ६० टक्क्यांपर्यंतही खाली येतात आणि ती जागा कॉर्न सिरप सॉलिड्ससारखे पदार्थ घेतात. फॅट घटतं, साखर वाढते आणि कॅलरी जवळपास तेवढ्याच राहतात. घटकांच्या यादीत फक्त शेंगदाणे आणि मीठ असेल, ती बरणी सरळ. तेल वर येऊ द्या. बरणी काही दिवस उलटी ठेवली आणि मग ढवळून फ्रिजमध्ये टाकली, की काम झालं.

जॅमचा हिशोब मात्र वेगळा. नियमाप्रमाणे ४५ भाग फळाला (काही फळांच्या बाबतीत ४७) ५५ भाग साखर असं मिश्रण शिजवतात आणि तयार जॅममध्ये विरघळलेले घटक किमान ६५ टक्के असावे लागतात. ते बहुतेक साखरच असतात. २० ग्रॅमच्या एका टेबलस्पूनला हे झाले १३ ग्रॅम. म्हणून कुठल्याही कंपनीचा जॅम घेतला तरी 'टोटल शुगर्स' १२ च्या आसपास दिसतात. साखर कमी हवी, तर तो पदार्थ जॅमच्या व्याख्येत बसत नाही आणि नाव 'फ्रूट स्प्रेड' किंवा 'रिड्यूस्ड शुगर' होतं. साखरेची राखण कमी झाल्यामुळे त्यात बरेचदा पोटॅशियम सॉर्बेट घालतात आणि उघडल्यावर तो फ्रिजमध्येच ठेवावा लागतो. इथे निवड साखर की सॉर्बेट अशीच आहे. मला स्वतःला त्यात अल्प प्रमाणातलं सॉर्बेट बरं वाटतं.

फ्रूट स्प्रेडमध्ये एक फसवी जागा आहे. साखरेऐवजी द्राक्षाचा किंवा सफरचंदाचा आटवलेला रस घातला, तर ती साखरच असते. पण फ्रूट स्प्रेडच्या फळाच्या भागासाठी वापरलेला असा रस 'ॲडेड शुगर्स'मध्ये धरायचा नाही, असा नियमांतच अपवाद आहे. त्यामुळे ॲडेड शून्य आणि टोटल ८ ग्रॅम असं लेबल कायदेशीर ठरतं. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना मधुमेह असेल, तर 'नो ॲडेड शुगर'वर विसंबू नका. त्यांच्यासाठी टोटल शुगर्स आणि टोटल कार्बोहायड्रेट याच ओळी पाहायच्या.

केचपमध्ये ही अदलाबदल इतिहासातच घडलेली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केचप टिकवायला सोडियम बेन्झोएट सर्रास वापरत. कृषी खात्यातले रसायनशास्त्रज्ञ हार्वे वायली त्याच्या विरोधात होते. १९०६ च्या अन्नशुद्धतेच्या कायद्याच्या सुमारास पिट्सबर्गच्या हाइन्झने बेन्झोएटशिवाय टिकणारा केचप बाजारात आणला. युक्ती साधी होती : पिकलेले टोमॅटो, जास्त व्हिनेगर आणि जास्त साखर. बेन्झोएट गेलं, गोडवा राहिला. आज १७ ग्रॅमच्या टेबलस्पूनमध्ये साधारण ४ ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळपास पाव भाग. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप आणि कॉर्न सिरप वेगवेगळे लिहिले, की दोन्ही यादीत खाली सरकतात. म्हणून क्रमापेक्षा ग्रॅमचा आकडा बघा.

आता मुलांच्या डब्यातलं पीनट बटर-जॅम सँडविच घेऊ. दोन चमचे पीनट बटरची साखर २ ते ३ ग्रॅम, एका चमचा जॅमची १२. संध्याकाळी फ्राइजबरोबर तीन चमचे केचप, म्हणजे आणखी १२. लेबलवरचा ॲडेड शुगरचा '१०० टक्के' हा मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ५० ग्रॅमवर काढलेला असतो. ज्या पीनट बटरच्या रांगेत आपण दहा मिनिटं घालवतो, त्याचा वाटा यात सगळ्यात लहान आहे. सँडविचमधला जॅम एका चमच्यावरून अर्ध्यावर आणला, तर वाचणारी ६ ग्रॅम साखर ही पीनट बटरचा ब्रँड बदलून वाचणाऱ्या साखरेच्या किमान दुप्पट आहे.