माठातलं पाणी, दहा मिनिटांत

बी.एड.च्या सूक्ष्म अध्यापनाच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी एका छात्राध्यापिकेनं आशय घेतला होता, ‘माठातलं पाणी गार का होतं?’ आणि कौशल्य घेतलं होतं स्पष्टीकरणाचं. पहिल्या टाचणात बाष्पीभवनाची व्याख्या होती, जलचक्र होतं, शेवटी गृहपाठही होता. मार्गदर्शक प्राध्यापिकांनी पेन्सिलीनं तिन्ही खोडली. उरला तो एकच प्रश्न, आणि दहा मिनिटांच्या पाठाला तो पुरेसा होता.

सूक्ष्म अध्यापन १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलं. आपल्याकडे रूढ झालेलं चक्र ३६ मिनिटांचं: सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटं पुन्हा नियोजन, सहा मिनिटं पुनर्पाठ आणि सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. परीक्षेत मात्र पुनर्पाठाची संधी नसते. चक्रातला सर्वांत मोठा वाटा असलेलं ते पुनर्नियोजन आदल्या दिवशीच उरकावं लागतं.

टाचणाला तीन रकाने होते: शिक्षककृती, विद्यार्थीकृती आणि कौशल्याचे घटक. तिसऱ्या रकान्यातच पाठाचा खरा कस लागतो. सुरुवातीचं विधान, ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘कारण’ असे जोडशब्द, शेवटचं विधान आणि आकलन तपासणारे प्रश्न हे स्पष्टीकरणाचे घटक. तिच्या टाचणात शिक्षककृतीच्या आठ ओळी अशा होत्या की त्यांच्यासमोर एकही घटक लिहिता येईना. त्या ओळी माहिती देत होत्या, कारण सांगत नव्हत्या. त्या काढल्या.

उरलेली साखळी अशी झाली: माठाला सूक्ष्म छिद्रं असतात, म्हणून पाणी बाहेर पाझरतं, बाहेरच्या पृष्ठभागावर त्याची वाफ होते, वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता मुख्यतः माठ आणि आतलं पाणी यांतून घेतली जाते, त्यामुळे आतलं पाणी गार होतं. अनुभवासाठी एका हातावर पाण्याचा थेंब आणि दुसऱ्यावर सॅनिटायझरचा. सॅनिटायझर लवकर उडतो, म्हणून तो हात अधिक गार लागतो.

सरावात एक अडचण निघाली. विद्यार्थी म्हणून बसलेले सहाध्यायी पहिल्याच प्रश्नाला ‘बाष्पीभवनामुळे’ म्हणत आणि पाठ चौथ्या मिनिटाला संपे. मग विद्यार्थीकृतीच्या रकान्यात खरी मुलं देतील ते उत्तर आलं: ‘माती मुळातच थंड असते.’ त्यावरचा प्रतिप्रश्नही तिथंच लिहिला: ‘मग बाहेरून तैलरंग दिलेल्या माठात पाणी तेवढं गार का होत नाही?’ हा प्रश्न विचारल्यावर मुलांना विचार करायला वेळ हवा. तिनं टाचणात त्यापुढे ‘पाच सेकंद थांबणे’ असं लिहिलं, कारण सरावाच्या ध्वनिमुद्रणात ती लगेच स्वतःच उत्तर देत होती.

‘समजलं ना?’ हा प्रश्नही गेला, कारण त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. त्याऐवजी शेवटची दीड मिनिटं एका नव्या प्रसंगासाठी ठेवली: कोकणात पावसाळ्यात माठ कमी गार का करतो? दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं, हे ज्या मुलाला सांगता येईल त्याला साखळी कळली आहे.