सांधा मोकळा, कड शाबूत

न्हाणीघरातल्या टाइल्स वीस वर्षांनीही चकचकीत राहतात. त्यांच्या मधल्या रेघा मात्र आधी काळवंडतात, मग भुसभुशीत होतात आणि कुठे कुठे गळूनही पडतात. सांधे नव्याने भरून घ्यायचे ठरले, की मिस्त्री हातोडी आणि बारीक छिन्नी घेऊन येतो, छिन्नी नसली तर पेचकस. जुना ग्राउट भराभर निघतो खरा, पण त्याच्याबरोबर टाइलच्या कडांचे टवकेही उडतात. नवा ग्राउट भरल्यावर ते लपतील ही आशा फोल ठरते. सरळ रेघेच्या जागी दातेरी रेघ दिसते, आणि जिथे टवका गेला तिथून पाणी टाइलच्या पोटात शिरू लागते.

हे नुकसान होते कसे, हे कळण्यासाठी टाइल आडवी कापून पाहिल्यासारखी डोळ्यांपुढे आणावी लागते. भिंतीची नेहमीची सिरॅमिक टाइल साधारण सहा ते सात मिलिमीटर जाड असते. तिचे अंग भाजलेल्या मातीचे आणि सच्छिद्र असते. अशा टाइलचे अंग स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी पिऊ शकते. पाणी थोपवते ती वरची झिलई, आणि ही झिलई म्हणजे काचेचा अगदी पातळ थर असतो, जेमतेम काही दशांश मिलिमीटरचा. काच दाब सोसते, ताण सोसत नाही. कडेपाशी तर तिला एका बाजूने आधारच नसतो. सिमेंटचा ग्राउट मात्र या कडेला वर्षानुवर्षे घट्ट चिकटून बसलेला असतो. पेचकस सांध्यात खुपसून तो उचकटला, की निघणारा ग्राउट कडेला बाहेर ओढतो आणि झिलई त्याच्यासोबत सुटून येते. दुसऱ्या बाजूची कड पेचकसाला टेकू म्हणून वापरली गेलेली असते, त्यामुळे तीही फुटते.

म्हणून या कामात हत्यार किती महाग आहे यापेक्षा जोर कोणत्या दिशेने लागतो हे अधिक मोलाचे ठरते. जोर सांध्याच्या लांबीच्या दिशेने लागला तर कड सुरक्षित राहते. तो आडवा, एका टाइलकडून दुसऱ्या टाइलकडे लागला तर कड जाते. करवतीसारखे ओढले की पहिला प्रकार होतो. तरफेसारखे उचकटले किंवा ठोकले की दुसरा.

यातूनच चांगल्या कारागिराची पद्धत निघते. तो सुरुवातीला कडांना हातच लावत नाही. सांध्याच्या बरोबर मधोमध एक अरुंद चर पाडतो. चर खोल झाला, की दोन्ही कडांना चिकटलेल्या ग्राउटच्या पातळ पट्ट्या उरतात आणि त्यांच्या शेजारी आता रिकामी जागा असते. मग हत्यार किंचित कलते करून त्या पट्ट्या आतल्या बाजूला, चरात पाडता येतात. फुटायला जागा मिळाल्यामुळे ग्राउट टाइलला ओढत नाही, स्वतःच तुटतो. सुरुवातीच्या या चरात बराच वेळ जातो, पण पुढचे सगळे काम त्यावर अवलंबून असते.

एक नेमके उदाहरण घेऊ. जुन्या सोसायटीतल्या न्हाणीची शॉवरमागची भिंत 160 सेंटिमीटर रुंद आणि 210 सेंटिमीटर उंच आहे. टाइल 20 बाय 30 सेंटिमीटरची, उभी लावलेली. म्हणजे आडव्या आठ आणि उभ्या सात ओळी, एकूण 56 टाइल्स. मधल्या सगळ्या सांध्यांची लांबी मिळून सुमारे 24 मीटर भरते. सांधा दोन मिलिमीटर रुंद आणि टाइल सहा मिलिमीटर जाड धरली, तर सगळा ग्राउट मिळून तीनशे मिलिलिटरही होत नाही, पेलाभर ऐवज! पण तो 24 मीटर लांबीत ताणलेला आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून जवळपास 48 मीटर कड आहे. घाई कुठे नडते हे या दोन आकड्यांवरूनच लक्षात येते.

कामाला हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली म्हणजे सांध्याची रुंदी. एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटरपेक्षा किंचित जाड असते. कार्डांची थप्पी करून तिची कड सांध्याशी ताडून पाहिली की अंदाज येतो: दोन कार्डे म्हणजे दीड मिलिमीटर, चार म्हणजे तीन. हत्याराचे पाते सांध्यापेक्षा पातळ हवे, हा नियम इथे मोडता येत नाही. दोन मिलिमीटरच्या सांध्यात तेवढेच जाड पाते घातले तर ते दोन्ही कडांना घासतच चालणार.

दुसरी तपासणी कानाने होते. बोटाच्या पेराने किंवा पेचकसाच्या मुठीने प्रत्येक टाइल हलकेच ठोकून पाहायची. भरीव टाइलचा आवाज बंद, घट्ट येतो. मागून सुटलेल्या टाइलचा पोकळ येतो. जुन्या कामांत टाइलच्या पाठीवर सिमेंटचा गोळा मधोमध लावून ती भिंतीला दाबलेली असते, त्यामुळे बऱ्याचदा कोपरे पोकळच राहतात. अशा कोपऱ्यावर यंत्राची थरथर बसली तर झिलईचा टवका उडण्यावर भागत नाही, अख्खा कोपरा तुटू शकतो. पोकळ टाइलवर पेन्सिलीने खूण करून तिथले काम पूर्ण हातानेच करणे शहाणपणाचे.

हाताच्या हत्यारांत ग्राउट सॉ सगळ्यात उपयोगी. मुठीला बसवलेले एक लहान पाते आणि त्याच्या कडेवर कार्बाइडचे किंवा हिऱ्याचे कण, एवढीच त्याची रचना. सिमेंट भरल्या सांध्यात हॅक्सॉ ब्लेडही चालते. ते मोडून, एका टोकाला जाड चिकटपट्टी गुंडाळून मूठ केली, की दीड मिलिमीटरच्या सांध्यातही ते सहज जाते. पण त्याचे दात लवकर बोथट होतात आणि बोथट पात्यावर माणूस नकळत जास्त जोर देतो. तेव्हाच हात घसरतो. टंगस्टन कार्बाइड स्टीलपेक्षा खूप कठीण असते, म्हणून ते टिकते. मात्र त्याच कठीणपणामुळे घसरल्यावर झिलईवर कायमचा ओरखडाही काढते. हत्यार दोन्ही हातांनी धरावे, एका हाताची करंगळी टाइलवर टेकवून, आणि स्वतःकडे ओढत लांब, हलके हात मारावेत. सांध्याच्या दोन्ही बाजूंना रंगकामातली मास्किंग टेप लावली तर ओरखडे वाचतात. टवक्यांपासून मात्र टेप वाचवत नाही.

काम संपल्यावर झिलईवर करड्या रेघा दिसल्या तर लगेच हताश होण्याचे कारण नसते. पुष्कळदा तो ओरखडा नसून टाइलवर घासून बसलेला धातू असतो. नख फिरवल्यावर अडकले नाही, तर सौम्य आम्लयुक्त क्लीनरने ती रेघ जाते. नख अडकले, तर तो खरा ओरखडा.

चोवीस मीटर हाताने ओढणे दमवणारे आहे, म्हणून यंत्राचा मोह होतो. चार इंची ग्राइंडर या कामासाठी जवळजवळ नेहमीच चुकीचा. त्याची चकती मिनिटाला हजारो फेरे घेते. क्षणभर हात हलला तरी कापलेली कड परत येत नाही. त्यापेक्षा ऑसिलेटिंग मल्टिटूल पुष्कळ सुरक्षित. त्याचे पाते फिरत नाही, अगदी थोड्या अंशात इकडून तिकडे थरथरते. त्याला हिऱ्याचे कण बसवलेले पातळ अर्धगोल पाते मिळते, तेच दोन मिलिमीटरच्या सांध्याला घ्यावे. कार्बाइडची जाड पाती रुंद सांध्यांसाठी असतात. वेग मध्यम ठेवून पाते सरळ सांध्यात टेकवायचे, चर पडला की सावकाश पुढे न्यायचे. यंत्राचे काम मधल्या चरापुरतेच ठेवावे आणि कडेच्या पट्ट्या हाताने काढाव्यात.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे चार टाइल्सचे कोपरे जिथे भेटतात तो चौक. पाते एका सांध्यातून वेगाने येऊन चौक ओलांडताना किंचित वाकडे झाले, तरी समोरच्या टाइलचा कोपरा त्याच्या वाटेत येतो. म्हणून चौकाच्या सेंटिमीटरभर अलीकडे थांबावे आणि उरलेला भाग हाताने, चौकातून बाहेरच्या दिशेला ओढत काढावा. विटांसारख्या सरकवून लावलेल्या टाइल्समध्ये उभा सांधा थेट वरच्या आणि खालच्या टाइलच्या कडेवर जाऊन संपतो. तिथे यंत्र टोकापर्यंत नेलेच जाऊ नये.

किती खोल उकरायचे? टाइलच्या जाडीच्या निदान दोनतृतीयांश, म्हणजे सहा मिलिमीटरच्या टाइलमध्ये चार. आगकाडीवर चार मिलिमीटरवर खूण करून ती सांध्यात उभी धरली, की खोली जागोजागी मोजता येते. वरवर खरवडून त्यावर नवा थर फासला तर तो कागदासारखा पातळ बसतो आणि काही महिन्यांत पापुद्रे सुटू लागतात. उलट, टाइलच्या जाडीपलीकडे जाण्यातही धोका आहे, कारण न्हाणीत मागे वॉटरप्रूफिंगचा थर असू शकतो.

ग्राउट सिमेंटचा आहे की इपॉक्सीचा, हे खिळ्याने खरवडून कळते. सिमेंटची पूड पडते आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो शोषला जाऊन डाग गडद होतो. इपॉक्सीवर थेंब तसाच राहतो आणि खिळ्याखाली प्लास्टिकसारखा बारीक तुकडा निघतो. इपॉक्सी कडेला फार घट्ट धरते. ते हीट गनने तापवून मऊ करत थोडे थोडे कापावे लागते, आणि जास्त तापवले तर टाइलच तडकण्याची भीती असते. असे काम अनुभवी कारागिराकडेच द्यावे. सिमेंटचा ग्राउट मऊ पडावा म्हणून काही जण आधी ॲसिड ओततात. त्याने वरचा पापुद्रा विरघळतो, पण नळांची क्रोमची चमक जाते, वाफा घशात बसतात, आणि आसपास ब्लीच सांडलेले असेल तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. संगमरवर असेल तर तोही खराब होतो. चार मिलिमीटर खोलीच्या कामात याचा उपयोग फारसा होत नाही.

धुळीकडे मात्र दुर्लक्ष करून चालत नाही. ग्राउटमध्ये वाळू असते, टाइलच्या अंगातही सिलिका असते, आणि स्फटिकरूप सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. रुमाल बांधल्याने ती अडत नाही. नीट बसणारा एन-95 मास्क आणि डोळ्यांवर चष्मा लागतो. हाताने काम करताना सांधा स्पंजाने ओला ठेवला तर धूळ उडत नाही. विजेच्या यंत्राबरोबर पाणी वापरू नये. तिथे पात्याजवळ व्हॅक्यूम क्लीनरची नळी धरणारा दुसरा माणूस हवा. नहाणी ट्रॅपच्या जाळीवर आधीच ओले फडके कोंबून ठेवावे, नाहीतर ग्राउटचे खडे पाइपात जाऊन बसतात.

सगळे उकरून झाल्यावर जुन्या टूथब्रशने आणि व्हॅक्यूमने सांधे झाडायचे, ओल्या फडक्याने पुसायचे आणि तिरप्या उजेडात टॉर्च धरून कडा पाहायच्या. कुठे ग्राउटची पांढरी पट्टी चिकटून राहिली असेल तर ती याच वेळी दिसते. इतके जपूनही एखादा बारीक टवका उडालाच, तर तो टाइलच्या रंगाच्या इपॉक्सी फिलरने आधी भरून, वाळवून घ्यावा. मग न्हाणी निदान एक दिवस कोरडी ठेवायची, पावसाळ्यात दोन, आणि सांध्यातली ओल गेल्याची खात्री झाल्यावरच नवा ग्राउट कालवायचा. भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यात मात्र ग्राउट भरू नये. तिथे दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलतात, म्हणून तो सांधा सिलिकॉन सीलंटनेच बंद करावा.