विटांच्या रांगा आणि भिंतीचे वय

फोटोतल्या भिंतीत विटांची आखूड तोंडे दिसतात का, हे आधी पाहावे. आखूड तोंड म्हणजे वीट भिंतीच्या जाडीत आडवी शिरलेली असते. ती पुढची आणि मागची रांग बांधून धरते. एक थर लांब बाजूंचा आणि एक आखूड तोंडांचा असेल, तर तो इंग्लिश बाँड. एकाच थरात दोन्ही आलटून पालटून येत असतील, तर फ्लेमिश. लंडनच्या क्यू पॅलेसची 1631ची भिंत फ्लेमिश बाँडची आहे. ब्रिटनमधल्या घरांत तो पुढे अठराव्या शतकात सर्रास दिसतो.

सगळ्याच लांब बाजू दिसल्या, तर भिंत बहुधा अर्ध्या विटेची किंवा मधे पोकळी ठेवलेली असते. ब्रिटनमध्ये अशी पोकळ भिंत पहिल्या महायुद्धानंतर रुळली. आपल्याकडे काँक्रीटच्या सांगाड्यात भरलेली साडेचार इंची भिंतही अशीच दिसते.

फसगत मात्र होते. अर्ध्या तोडलेल्या विटा लावून पोकळ भिंतीवरही फ्लेमिशचा देखावा करता येतो. त्यामुळे नुसत्या दर्शनी भागावरून वय ठरवू नये. खिडकीच्या कडेला भिंतीची जाडी दिसेल असा दुसरा फोटो मागावा.